एकाच सरासरीला पसारा कसा?

प्रश्न: मॅडम, मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, स्टॅटिस्टिक्स घेतलंय. प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून 64 जण निवडले आणि घरून कॉलेजला यायला किती वेळ लागतो ते विचारलं. दहाएक जण सापडले नाहीत, त्यांच्या जागी कट्ट्यावर बसलेल्यांना विचारलं. सरासरी 22 मिनिटं आली, स्टँडर्ड डेव्हिएशन 20 मिनिटं. वर्गात ऐकलं होतं की n 30 च्या वर गेला की डेटा नॉर्मल होतो. पण माझा हिस्टोग्राम डावीकडे एकदम उंच आणि उजवीकडे गावाहून येणाऱ्यांचा वेगळा उंचवटा असा आलाय. सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा केली तर उणे 18 मिनिटं येतात! स्टँडर्ड एरर म्हणजे सरासरीचा पसारा असं पुस्तकात आहे, पण मी तर सरासरी एकदाच काढलीय. एका आकड्याला पसारा कसा असेल? आणखी मुलं घेतली तर हिस्टोग्राम सुधारेल का?

— एफ.वाय.ची विद्यार्थिनी

उत्तर:

हिस्टोग्राम सुधारणार नाही, कारण तो बिघडलेलाच नाही. 64 च्या जागी 640 जणांना विचारलंस तर ते दोन उंचवटे उलट आणखी ठळक दिसतील. तुझा हिस्टोग्राम हे कॉलेजातल्या मुलांचं चित्र आहे. शहरात राहणारी मुलं पुष्कळ, एसटीने गावाहून येणारी थोडी, आणि मधल्या अंतरावरची अगदीच कमी. नमुना जितका मोठा घेशील तितकं ते चित्र या वस्तुस्थितीच्या जवळ जाईल. वस्तुस्थिती घंटेच्या आकाराची नसेल तर चित्रही तसं होणार नाही.

तेव्हा "n 30 च्या वर गेला की डेटा नॉर्मल होतो" हे वाक्य वहीत असेल तर खोड आणि त्या जागी हे लिही: n पुरेसा मोठा असेल तर नमुन्याच्या सरासरीचं वितरण नॉर्मलच्या जवळ जातं. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा वाटतो, पण पहिलं वाक्य मुलांच्या वेळांबद्दल बोलतं आणि दुसरं सरासऱ्यांबद्दल. तुझे उणे 18 मिनिटंही याच गफलतीतून आलेत. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन स्टँडर्ड डेव्हिएशन घेतली की त्यात 95 टक्के मुलं येतात, हा नियम मुलांचे वेळ स्वतः नॉर्मल असतील तरच लावायचा. तुझे नाहीत. म्हणून उत्तर अशक्य आलं आणि ते तुझ्या लक्षात आलं, हे फार चांगलं झालं. स्टँडर्ड डेव्हिएशन 20 आहे हे मात्र चुकीचं नाही. वेळा किती पसरल्या आहेत हे ते सांगतंच, फक्त त्या पसाऱ्याचा आकार सांगत नाही.

आता एका आकड्याचा पसारा. हे समजायला खऱ्या कॉलेजपेक्षा एक सोपं कॉलेज मनाशी धरू, म्हणजे सगळं हाताने मोजता येईल. समज, या कॉलेजात दर दहा मुलांपैकी आठ जणांना यायला बरोबर 10 मिनिटं लागतात आणि दोघांना बरोबर 60. दुसरा कुठलाच वेळ नाही. सरासरी काढ: आठ दहे 80, दोन साठ 120, एकूण 200, भागिले दहा म्हणजे 20 मिनिटं. एकाही मुलाला 20 मिनिटं लागत नाहीत, तरी सरासरी 20 आहे. स्टँडर्ड डेव्हिएशनही काढू. आठ जण सरासरीपासून 10 ने दूर, त्यांचा वर्ग 100. दोघे 40 ने दूर, वर्ग 1600. आठ गुणिले 100 आणि दोन गुणिले 1600 मिळून 4000, भागिले दहा 400. हा व्हेरिअन्स, म्हणजेच प्रचरण. त्याचं वर्गमूळ 20. म्हणजे या कॉलेजची सरासरीही 20 आणि स्टँडर्ड डेव्हिएशनही 20, तुझ्या प्रोजेक्टच्या बरंच जवळ.

आता या कॉलेजातून यदृच्छेने दोघांना निवड आणि त्यांची सरासरी काढ. काय काय येऊ शकेल? दोघेही जवळचे निघाले तर सरासरी 10. याची शक्यता 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 0.64. एक जवळचा आणि एक लांबचा असेल तर 35. हे दोन तऱ्हांनी घडतं, आधी जवळचा मग लांबचा किंवा उलट, म्हणून शक्यता 0.32. दोघेही लांबचे असतील तर 60, शक्यता 0.04. तू स्वतः एकदाच निवडशील आणि तुझ्या हाती यांतला एकच आकडा येईल. पण तुझ्या शेजारच्या बाकावरचीने हाच उद्योग केला असता तर तिला वेगळा आकडा मिळाला असता, तिच्या पलीकडचीला आणखी वेगळा. मिळू शकणाऱ्या या सगळ्या सरासऱ्या आणि त्यांच्या शक्यता मिळून जे वितरण होतं, पसारा त्याचा असतो. तुझ्या हातातला आकडा त्यातून निघालेली एक चिठ्ठी आहे. मिळू शकणाऱ्या या सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजेच सरासरीचा स्टँडर्ड एरर.

दोघांच्या नमुन्यासाठी तो किती येतो ते काढून बघ, कारण सूत्रातलं वर्गमूळ कुठून येतं ते इथेच दिसतं. सरासऱ्यांची सरासरी पुन्हा 20 च येते: 0.64 गुणिले 10, अधिक 0.32 गुणिले 35, अधिक 0.04 गुणिले 60, म्हणजे 6.4, 11.2 आणि 2.4. आता 20 पासूनची अंतरं 10, 15 आणि 40. त्यांचे वर्ग 100, 225 आणि 1600. शक्यतांनी गुणलं की 64, 72 आणि 64. बेरीज 200. मूळ व्हेरिअन्स 400 होता, दोघांच्या सरासरीचा बरोबर निम्मा झाला. तिघांच्या सरासरीचा एक तृतीयांश होईल, n जणांच्या सरासरीचा n वा भाग. एकमेकांशी संबंध नसलेल्या निवडी असल्या की व्हेरिअन्सची नुसती बेरीज होते, हे त्यामागचं कारण. n जणांच्या वेळांच्या बेरजेचा व्हेरिअन्स n गुणिले 400. बेरजेला n ने भागून सरासरी काढली की व्हेरिअन्सला n च्या वर्गाने भागावं लागतं, आणि उरतो 400 भागिले n. त्याचं वर्गमूळ घेतलं की सूत्र आलं:

```
SE = σ / √n
```

इथे σ म्हणजे मुलांच्या वेळांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. तुझ्याकडे सगळ्या कॉलेजचं σ नाही, म्हणून तू नमुन्यातून काढलेलं 20 त्या जागी घालतेस. 64 चं वर्गमूळ 8, तेव्हा स्टँडर्ड एरर 20 भागिले 8, म्हणजे 2.5 मिनिटं. म्हणजे सरासरी एकदाच काढूनही ती साधारण किती हलू शकली असती ते तुला कळलं. या सूत्राची मला वाटणारी सगळ्यात मोठी गंमत हीच आहे: दुसरा नमुना न घेता, पहिल्याच नमुन्याच्या आतल्या पसाऱ्यावरून न घेतलेल्या नमुन्यांबद्दल बोलता येतं.

आणि मुलं वाढवलीस तर काय होईल हेही यातच आहे. 256 जण घेतलेस तरी स्टँडर्ड डेव्हिएशन 20 च्या आसपासच राहील, कारण मुलं तीच आणि त्यांची गावंही तीच. स्टँडर्ड एरर मात्र 20 भागिले 16, म्हणजे 1.25 होईल. चौपट माणसं विचारलीस तेव्हा कुठे तो निम्मा झाला. परीक्षेत "n वाढवला तर स्टँडर्ड डेव्हिएशन कमी होतं" असं लिहिलेलं मी दर वर्षी वाचते. त्या उत्तराला गुण देता येत नाहीत.

इथपर्यंत नॉर्मल वितरणाची गरजच पडली नाही, हे लक्षात घे. σ भागिले √n हे सूत्र कुठल्याही आकाराच्या वितरणाला लागू आहे, n दोन असला तरी. सेंट्रल लिमिट थिअरम त्याच्या पुढची गोष्ट सांगतो, सरासऱ्यांच्या पसाऱ्याच्या आकाराबद्दलची. पुष्कळ पुस्तकांत दोन्ही एकाच परिच्छेदात येतात आणि विद्यार्थ्यांना वाटतं की स्टँडर्ड एरर काढायलाही n 30 च्या वर लागतो. तसं नाही.

आकार कसा बदलतो ते आपल्या सोप्या कॉलेजातच बघू. पाच जणांना निवडलं तर सरासरी 10, 20, 30, 40, 50 किंवा 60 येऊ शकते, पाचांत लांबचे किती निघाले त्यावर. शक्यता अनुक्रमे साधारण 33, 41, 20, 5 टक्के, मग एक टक्क्याहूनही कमी, आणि 60 ची तर नाममात्र. हा आकार अजून एका बाजूला कललेला आहे. पण एक बदल नजरेत भरण्यासारखा आहे. ज्या 20 मिनिटांवर एकही मूल नव्हतं, तिथेच आता सगळ्यात उंच खांब उभा राहिला. मुलांच्या चित्रात जिथे मोकळी जागा होती तिथे सरासऱ्यांनी गर्दी केली.

याचं कारण मोजण्यात आहे. सरासरी 60 यायची तर पाचही जण लांबचे निघावे लागतात, आणि ते एकाच तऱ्हेने होतं. सरासरी 20 यायला पाचांत एक जण लांबचा हवा, आणि तो पहिला, दुसरा, तिसरा, कितवाही असू शकतो, म्हणजे पाच तऱ्हा. नमुना मोठा झाला की मधल्या मिश्रणांच्या तऱ्हा अफाट वाढतात आणि टोकाच्या सरासऱ्यांना तसं पाठबळ उरत नाही. एखादा लांबचा जास्त निघाला तर एखादा जवळचा त्याची भरपाई करतो.

पंचवीस जणांपर्यंत जा. सरासरी आता 10, 12, 14, 16 अशी दोन-दोन मिनिटांनी वाढते आणि स्टँडर्ड एरर 20 भागिले 5, म्हणजे 4 मिनिटं. 20 वरच्या खांबाची शक्यता जवळपास 19.6 टक्के. डाव्या शेजारी 18 ची 18.7 टक्के, उजव्या शेजारी 22 ची 16.3 टक्के. आणखी बाहेर, 16 ची 13.6 आणि 24 ची 11.1. खांबांच्या डोक्यांवरून बोट फिरवलंस तर घंटेचा आकार जाणवेल, उजवीकडे किंचित ओढलेला. तो कल कुठे दिसतो ते शेपटांत बघ. सरासरी 20 पासून दोन स्टँडर्ड एररच्या पलीकडे, म्हणजे 12 च्या खाली जाण्याची शक्यता फक्त 0.4 टक्के, पण 28 च्या वर जाण्याची 1.7 टक्के. नॉर्मलमध्ये दोन्ही सारख्या असायला हव्या होत्या. शंभर जणांच्या नमुन्यात स्टँडर्ड एरर 2 होतो, आणि दोन स्टँडर्ड एररच्या पलीकडची शक्यता खालच्या बाजूला 1.3 टक्के आणि वरच्या बाजूला 2 टक्के. फरक अजून आहे, पण दोन्ही आता बरोबरीला येऊ लागल्या.

हे गणित अठराव्या शतकातलं आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या अब्राहम द म्वाव्र या फ्रेंच गणितीने 1733 मध्ये दाखवलं की "हो किंवा नाही" अशा पुष्कळ निवडींच्या मोजणीला एका गुळगुळीत वक्राने गाठता येतं. तोच आपला नॉर्मल वक्र. आपलं दहा-साठचं कॉलेज त्याच जातीचं उदाहरण आहे. नंतर लाप्लासने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कितीतरी व्यापक केलं: मूळ आकडे दोनच असोत की असंख्य, डावीकडे कललेले असोत की दोन उंचवट्यांचे, निवडी एकमेकांवर अवलंबून नसतील आणि व्हेरिअन्स मर्यादित असेल तर सरासऱ्यांचा आकार त्याच वक्राकडे जातो. मूळ वितरणातल्या फक्त दोन गोष्टी शेवटपर्यंत टिकतात, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. बाकी सगळी वळणं पुसली जातात.

संगणकाच्या लॅबमध्ये R असेल तर हे स्वतः कर, दोन मिनिटांचं काम आहे:

```r
x <- c(rep(10, 8), rep(60, 2))
m <- replicate(10000, mean(sample(x, 25, replace = TRUE)))
mean(m)
sd(m)
hist(m)
```

`sd(m)` चं उत्तर 4 च्या अगदी जवळ येईल. मग 25 च्या जागी 2, 5, 100 घालून `hist(m)` पुन्हा काढ. आणि एकदा `hist(x)` ही काढ, म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टींची चित्रं शेजारी-शेजारी दिसतील. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये ही दोन्ही चित्रं लाव. तुझ्या गोंधळाचं उत्तर त्यांच्यातच आहे.

आता त्या 30 बद्दल. 30 हा कुठल्याही सिद्धतेतून निघालेला आकडा नाही, तो सोयीचा अंदाज आहे. मूळ वितरण सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखं असेल तर पाच-दहाच्या नमुन्यातही घंटा छान दिसते. फासे टाकून बघ, तीन फाशांच्या बेरजेतच ती दिसू लागते. उलट मूळ वितरण फार कललेलं असेल तर 30 अजिबात पुरत नाहीत. समज, शंभर चिठ्ठ्या आहेत, 99 चिठ्ठ्यांवर शून्य आणि एकीवर 100. सरासरी 1. दर वेळी चिठ्ठी परत टाकून तीस चिठ्ठ्या काढल्या तर ती एकमेव चिठ्ठी एकदाही न लागण्याची शक्यता 0.99 चा तिसावा घात, म्हणजे जवळजवळ 74 टक्के. चारांतल्या तिघांची सरासरी शून्य येईल. त्यांच्या नमुन्यातलं स्टँडर्ड डेव्हिएशनही शून्य, म्हणून स्टँडर्ड एररही शून्य. ते ठामपणे लिहितील की खरी सरासरी शून्यच आहे! हे नुसतं खेळातलं उदाहरण नाही. विम्याचे दावे, दवाखान्याची बिलं, घरांचं उत्पन्न, सगळीकडे थोडे फार मोठे आकडे सरासरी ओढतात, आणि छोट्या नमुन्यात ते सापडतच नाहीत.

कल कमी होण्याचा वेगही √n चाच आहे, म्हणजे तो निम्मा करायला चौपट नमुना लागतो. तेव्हा 30 हे उंबरठ्यासारखं धरू नकोस. हिस्टोग्राम बघ. उजवीकडे लांब शेपूट असेल, एक-दोन आकडे बाकीच्यांपासून फार दूर बसले असतील, तर 30 च्या दुप्पट-तिप्पटही कमी पडतील. तुझ्या डेटात दोन उंचवटे असले तरी दोन्हीकडे भरपूर मुलं आहेत आणि कोणाचाच वेळ पाच-सहाशे मिनिटांचा नाही. 64 जणांच्या सरासरीला नॉर्मल वक्र लावायला मला काही हरकत दिसत नाही.

मग लावू. नॉर्मल वितरणात मधल्या 95 टक्के शक्यता सरासरीच्या दोन्ही बाजूंना 1.96 स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आत असतात. इथे ज्याचं वितरण नॉर्मल आहे ती नमुन्याची सरासरी, म्हणून तिचं स्टँडर्ड डेव्हिएशन वापरायचं, म्हणजे स्टँडर्ड एरर. 1.96 गुणिले 2.5 म्हणजे 4.9. तुझा 95 टक्क्यांचा विश्वास-अंतराल 22 उणे 4.9 ते 22 अधिक 4.9, म्हणजे 17.1 ते 26.9 मिनिटं. उणे 18 पळाले. पुष्कळ जण इथे लिहितात की 95 टक्के मुलांना 17 ते 27 मिनिटं लागतात. तुझ्या हिस्टोग्रामवर बोट ठेवून बघ, त्या पट्ट्यात तर जवळजवळ कोणीच नाही. हा अंतराल सगळ्या कॉलेजच्या सरासरीबद्दल आहे. याच पद्धतीने पुष्कळ जणींनी नमुने घेतले आणि प्रत्येकीने आपापला अंतराल काढला तर त्यांतल्या साधारण 95 टक्के अंतरालांत कॉलेजची खरी सरासरी सापडेल. तुझा त्यांतला आहे की उरलेल्या पाच टक्क्यांतला, हे तुझ्या डेटावरून कळत नाही.

आणि आता पत्रातलं ते एक वाक्य, जे तू सहज लिहून गेलीस आणि जे वाचून मी थबकले. दहाएक जण सापडले नाहीत, त्यांच्या जागी कट्ट्यावरच्यांना विचारलं. न सापडलेले कोण असतील? एसटी पकडायला तास संपताच निघणारे बरेच असतील. कट्ट्यावर निवांत बसलेले बहुतेक जवळ राहणारे. समज, त्या दहांपैकी सहा जण गावाहून साठ मिनिटांनी येणारे होते आणि त्यांच्या जागी दहा मिनिटांवरचे सहा जण आले. प्रत्येकामागे 50 मिनिटं गेली, एकूण 300, भागिले 64 म्हणजे 4.7 मिनिटं. तुझी सरासरी 22 ऐवजी 26.7 आली असती. जवळजवळ दोन स्टँडर्ड एररचा हा फरक आहे, आणि स्टँडर्ड एररच्या सूत्राला त्याचा पत्ताही नाही. ते सूत्र फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाचा हिशोब करतं. चिठ्ठ्या बदलल्या, तर काय चुकलं ते त्याला दिसत नाही. नमुना वाढवलास आणि अदलाबदल तशीच करत राहिलीस तर स्टँडर्ड एरर लहान होत जाईल, सरासरी मात्र तितकीच चुकलेली राहील, आणि अंतराल अरुंद झाल्यामुळे चूक अधिक खात्रीची वाटेल.

ही गोष्ट तुझ्याच जिल्ह्यातल्या एका संख्याशास्त्रज्ञाने फार ठामपणे मांडली होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध. पिकाचं उत्पन्न अंदाजण्यासाठी शेतात यदृच्छेने एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून सरासरी काढायची, अशी पद्धत आहे. तुकडा लहान ठेवला तर काम झटपट होतं, जास्त शेतं घेता येतात आणि स्टँडर्ड एरर कमी होतो. सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवलं की फार लहान तुकड्यांवरून उत्पन्न खऱ्याहून जास्त दिसतं. आखलेल्या रेषेवर येणारं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने काठ मोठा, म्हणून चूकही मोठी. आणि ती एकाच बाजूची असल्यामुळे हजारो तुकडे घेतले तरी एकमेकांत मिटत नाही.

म्हणून तुझं पुढचं काम आणखी मुलं शोधण्याचं नाही. मूळ यादी काढ, न सापडलेल्या दहा जणांच्या नावांवर खूण कर आणि त्यांनाच गाठ. तास सुरू होण्याआधी वर्गात जा, त्यांच्या मैत्रिणींकडून फोन नंबर घे, स्टँडवर भेट. कट्ट्यावरचे दहा आकडे काढून टाक आणि सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, स्टँडर्ड एरर पुन्हा काढ. काही जण तरीही मिळाले नाहीत तर त्यांच्या जागी कोणाला घेऊ नकोस. कितींना विचारलं आणि किती मिळाले नाहीत ते सरळ लिही, आणि n जो उरेल त्याचंच वर्गमूळ घे.

आणखी एक तपास. चिठ्ठ्या काढून निवडलेले 64 जण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण धरलं. कट्ट्यावरच्या दहा जणांबाबत तेही खरं नव्हतं, कारण ते एकत्र बसलेले मित्र, बहुधा एकाच पेठेतले किंवा एकाच हॉस्टेलचे. त्यांतल्या एकाला विचारलं की बाकीच्यांचं उत्तर जवळजवळ कळतं. असे दहा जण दहा स्वतंत्र माणसांइतकी माहिती देत नाहीत, आणि √n मध्ये त्यांना पूर्ण दहा धरलं की स्टँडर्ड एरर खऱ्याहून लहान निघतो.

अहवालात निकाल लिहिताना तीन आकडे वेगवेगळे दे. कॉलेजला यायला सरासरी अमुक मिनिटं लागतात. मुलांच्या वेळांचं स्टँडर्ड डेव्हिएशन अमुक. सरासरीचा स्टँडर्ड एरर अमुक, n इतका. नुसतं "22 ± 2.5" लिहू नकोस, कारण वाचणाऱ्याला ± नंतरचा आकडा दोनांपैकी कुठला ते कळत नाही. आणि हिस्टोग्राम आहे तसा, दोन्ही उंचवट्यांसह छाप. त्याच्याखाली एक ओळ घाल की जवळचे आणि लांबचे असे दोन गट स्पष्ट दिसतात, आणि दोन्ही गटांच्या सरासऱ्या वेगळ्या काढून दे. बसचं वेळापत्रक किंवा पहिल्या तासाची वेळ ठरवणाऱ्याला तुझ्या एकत्र सरासरीपेक्षा त्या दोन आकड्यांचा उपयोग जास्त होईल.